फोटोतला दोर ओळखा, मगच पैसे द्या



आता बऱ्याच गटांची खरेदी मोबाईलवर ठरते. दुकानदार फोटो पाठवतो, खाली लिहितो ‘नायलॉन दोर, मजबूत’. गटात कुणी विचारतं, “घ्यायचा का?” चार जणी अंगठा दाखवतात आणि ऑर्डर जाते. भांडी, ताडपत्री घेताना हे चालून जातं. दोराचं तसं नाही. फोटोत पाच प्रकारचे दोर एकसारखेच दिसतात, आणि चुकीचा दोर आपलं खरं रूप दाखवतो तो विहिरीवर, भरलेली बादली अर्ध्यात आलेली असताना. ओढणारी बाई जोर लावून मागे झुकलेली असते. दोर तुटला की ती पाठीवर पडते.

म्हणून या अंकाच्या पाठात एवढंच शिकायचं: फोटो बघून दोर कसला आहे हे किती ओळखता येतं, कुठे फसायला होतं, आणि तो दोर कुठल्या कामाला लावायचा.

फोटोत आधी काय बघायचं?

आपली नजर सगळ्यात आधी रंगाकडे जाते. रंगावरून काहीच कळत नाही. निळा, हिरवा, केशरी, पांढरा, कुठलाही रंग कुठल्याही प्लास्टिक दोराला देता येतो. खाकी रंगाचा प्लास्टिक दोरही मिळतो, तो लांबून थेट तागासारखा दिसतो. म्हणून रंग सोडा आणि दोराचं टोक बघा.

टोक उकललेलं असेल तर आतले धागे दिसतात. ते धागेच दोराची जात सांगतात.

ताग असेल तर धागे पिवळट-तपकिरी आणि कमी-जास्त लांबीचे दिसतील. दोराच्या अंगावर सगळीकडे बारीक केस उभे असतील. किराणा दुकानातली सुतळी आठवा, तिचाच हा मोठा भाऊ.

काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचा दोर. त्याचा रंग जास्त लालसर, केस जाड आणि ताठ. हातात धरला तर टोचेल असं फोटोतसुद्धा वाटतं.

नायलॉनचे धागे फार बारीक आणि मऊ असतात. उकललेलं टोक रेशमाच्या गोंड्यासारखं फुलतं. चमक असते, पण ती मऊ असते.

आता आपल्याला सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार बघा. बाजारात रंगीत प्लास्टिक दोराला सरसकट ‘नायलॉन’ म्हणतात. त्यातले बरेचसे नायलॉन नसतात. ते असतात पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, नाहीतर एचडीपीई. खताची विणलेली पोती ज्या जातीच्या प्लास्टिकची असतात, त्याच जातीचे. यांचं टोक गोंड्यासारखं फुलत नाही. धागे जाडसर, ताठ, कधी चपट्या पट्टीसारखे दिसतात आणि झाडूच्या काड्यांसारखे बाहेर येतात. चमक मेणचट असते.

पीपी दोर वाईट असतो असं नाही. तो स्वस्त आहे, हलका आहे, पाण्याने कुजत नाही. गाडीवर चारा बांधायला, मांडव बांधायला तो बरा. पण उन्हात तो नायलॉनपेक्षा लवकर खराब होतो, आणि घासून गरम झाला की लवकर वितळतो. विहिरीवर नेमक्या या दोन्ही गोष्टी होतात: वरून ऊन आणि कप्पीवर रोजचं घासणं.

दुकानदाराकडून तीन फोटो मागवा

एका फोटोवर निर्णय घेऊ नका. पुढचे तीन फोटो मागा. खात्रीचा माल असेल तर दुकानदार पाठवतो.

पहिला फोटो टोकाचा. दोराचं टोक चार बोटं उकलायला सांगा आणि जवळून, दिवसाच्या उजेडात फोटो काढायला सांगा. मोबाईलच्या फ्लॅशमध्ये सगळंच चमकतं, म्हणून फ्लॅश नको. टोक आधीच जाळून बंद केलेलं असेल तर एवढं नक्की कळतं की दोर प्लास्टिकचा आहे, कारण ताग आणि काथ्या वितळून बंद होत नाहीत. पण कुठलं प्लास्टिक, हे जळलेलं टोक सांगत नाही. ते कापून उकलावंच लागतं.

दुसरा फोटो जाडीचा. दोराशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायला सांगा. हे नाणं 27 मिलिमीटर रुंद असतं. म्हणजे 12 मिलिमीटरचा दोर नाण्याच्या निम्म्यापेक्षा थोडा कमी दिसला पाहिजे. नाणं दोराला चिकटून, त्याच पातळीवर असावं. नाणं मागे ठेवलं तर दोर उगाच जाड दिसतो.

तिसरा फोटो वजनकाट्यावरचा. हा सगळ्यात कामाचा. दोराची ठरलेली लांबी मोजून काट्यावर ठेवायची आणि आकडा दिसेल असा फोटो घ्यायचा. पीपी पाण्यापेक्षा हलका आहे आणि नायलॉन पाण्यापेक्षा जड. त्यामुळे तेवढाच जाड आणि तेवढाच लांब दोर घेतला तरी पीपीचं वजन बरंच कमी भरतं.

एक उदाहरण सोडवून बघू

समजा, गटाला विहिरीसाठी दोर घ्यायचा आहे. मे महिन्यात पाणी काठापासून 25 फूट खाली जातं. कप्पी काठाच्या वर 5 फुटांवर आहे. ओढणारीच्या हातात राहायला 8 फूट हवेत, आणि बादलीच्या व खालच्या टोकाच्या गाठींना 2 फूट. एकूण झाले 40 फूट, म्हणजे साधारण 12 मीटर. पावसाळ्यातलं पाणी धरून दोर घेतला तर उन्हाळ्यात तो पुरत नाही. मग दुसरा तुकडा जोडला जातो आणि ती गाठ कप्पीत अडकते. म्हणून लांबी नेहमी उन्हाळ्याची धरायची.

आता जाडी. 15 लिटरची भरलेली बादली साधारण 16 ते 17 किलोची होते. बादलीला हिसका बसतो, दोर जुना होतो, आणि जिथे गाठ असते तिथे दोराची ताकद निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. हे सगळं धरून वजनाच्या दहापट ताकदीचा दोर घ्यावा. म्हणजे 170 किलो. तुम्हाला नवल वाटेल, पण 6 मिलिमीटरचा नवा पीपी दोरही एवढं वजन सहज पेलतो. मग बारीक दोर का नको? कारण तो हातात रुततो, तळवे कापतो आणि ओल्या हातातून निसटतो. शिवाय बारीक दोर दोन मिलिमीटर झिजला तर त्यात फार काही उरत नाही. हाताला पकड यावी आणि झिजायला माप राहावं म्हणून विहिरीला 12 मिलिमीटरच्या आसपास दोर घ्यायचा.

दुकानदाराने फोटो पाठवला: पांढरा, तीन पदरी, चमकदार दोर. नाव ‘नायलॉन’. गटाने तीन फोटो मागवले. नाण्याशेजारी जाडी बरोबर 12 मिलिमीटर दिसली. टोकाच्या फोटोत धागे ताठ होते, गोंडा फुललेला नव्हता. इथे शंका आली. मग 12 मीटर दोर काट्यावर ठेवला. आकडा आला 790 ग्रॅम.

आता हिशेब. 12 मिलिमीटर जाडीचा नायलॉन दोर मीटरला साधारण 94 ग्रॅम भरतो. 12 मीटरचे झाले अकराशे ग्रॅमच्या वर. त्याच जाडीचा पीपी मीटरला साधारण 65 ग्रॅम भरतो, म्हणजे 12 मीटरचे 780 ग्रॅम. कारखान्याप्रमाणे, पिळाप्रमाणे वजन थोडं इकडे-तिकडे होतं, पण 790 आणि 1100 यात गोंधळ व्हायचं कारण नाही. हा दोर पीपी आहे.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दोर बहुतेक किलोवर विकतात. पीपी हलका, म्हणून एका किलोत तो जास्त फूट मिळतो. दोन दुकानांचे भाव किलोवर तोलले तर फसगत होते. ‘मला 40 फूट दोर कितीला पडेल?’ असं विचारा आणि तो भाव तोला.

दोर घरी आला की दोन परीक्षा

फोटो खूप काही सांगतो, पण शेवटची खात्री हातात घेतल्यावरच होते. दोराचा बोटभर तुकडा कापा आणि त्याचे दोन भाग करा.

पहिली परीक्षा पाण्याची. तुकडा पूर्ण उकला, बादलीतल्या पाण्यात बुडवून बोटांनी चांगला दाबा, म्हणजे धाग्यांत अडकलेली हवा निघून जाईल. मग सोडून द्या. नायलॉन तळाला जातो. पीपी आणि एचडीपीई पुन्हा वर येऊन तरंगतात. हवा काढली नाही तर नायलॉनही काही वेळ तरंगतो आणि आपण उगाच दुकानदाराशी भांडतो. पॉलिस्टरचा दोरही तळाला जातो, पण तो विहिरीला चालतो, त्यामुळे तिथे काळजी नाही.

दुसरी परीक्षा जाळण्याची. ही पाण्याच्या परीक्षेने समाधान झालं नाही तरच करा. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, पदर नीट खोचून आणि पोरांना लांब ठेवून. तुकडा हातात धरू नका, चिमट्यात धरा आणि खाली माती किंवा वाळू ठेवा. प्लास्टिक वितळून थेंब पडतो, तो कातडीला चिकटून खोलवर भाजतो. ताग, काथ्या, सूत हे कागदासारखे जळतात आणि मागे चुरगळणारी राख राहते. प्लास्टिक दोर आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. विझवल्यावर मेणबत्ती विझल्यासारखा वास आला तर पीपी किंवा एचडीपीई. नाक जवळ नेऊ नका, धूर लांबूनच कळतो.

ताग आणि काथ्या कुठे?

तागाचा दोर कोरड्या कामाचा. धान्याच्या पोत्यांची तोंडं शिवायला, पेंढ्या बांधायला, वेल चढवायला तो उत्तम. गाठ घट्ट बसते, सरकत नाही, आणि काम झालं की मातीत कुजून जातो. पण कुजणं हाच त्याचा दोषही आहे. ओला-कोरडा होत राहिला की तो आतून कुजतो आणि बाहेरून धडधाकट दिसतो. म्हणून विहिरीला ताग नको. जुना तागाचा दोर तपासायचा तर पीळ उलटा फिरवून पदर उघडा. आत काळपट डाग, ओलसर वास किंवा भुगा दिसला तर तो चुलीत घाला.

काथ्या पाण्याला तागापेक्षा पुष्कळ टिकतो, म्हणून कोकणात ओल्या कामालाही तो वापरतात. पण तेवढ्याच जाडीत त्याची ताकद नायलॉनपेक्षा फार कमी असते आणि हाताला खरखरीत लागतो. कुंपण, मांडव, बाज विणणं, यासाठी तो चांगला.

शेळीच्या गळ्यात काय?

शेळीपालनाच्या गटांसाठी हे वेगळं सांगते, कारण इथे प्रश्न ताकदीचा नाही, गळ्याचा आहे. शेळी ओढत राहते. बारीक प्लास्टिक दोर गळ्यात असेल तर केस जातात, मग कातडी सोलते आणि पावसाळ्यात त्या जखमेवर माशी बसून आसड्या पडतात. म्हणून गळ्यात रुंद पट्टा किंवा मऊ सुती दोर असावा, आणि त्याला पुढे दावं जोडावं. पट्ट्याखाली आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सरकती गाठ गळ्यात कधीच नको. शेळीने ओढलं की ती आवळते आणि आपोआप सुटत नाही.

दुसरं, शेळी दोर चघळते. प्लास्टिकचे धागे पोटात गेले तर ते पचत नाहीत, तिथेच गोळा होतात. चघळणाऱ्या शेळीला दाव्याच्या जागी हलकी साखळी बरी.

साखळीचा फोटो कसा वाचायचा?

साखळीच्या फोटोत तीन जागा बघा.

एक, कडीचा सांधा. प्रत्येक कडी तार वाकवून केलेली असते. तारेची दोन टोकं जिथे मिळतात तिथे वेल्डिंगचा छोटा फुगवटा दिसला तर कडी जोडलेली आहे. तिथे नुसती रेघ किंवा फट दिसली तर कडी फक्त वाकवलेली आहे. अशी साखळी कुलुपाला, फाटकाला ठीक. जनावराने हिसका दिला की फट रुंदावते आणि कडी निसटते.

दोन, भोवरकडी. साखळीच्या एका टोकाशी गोल फिरणारी कडी असते, ती भोवरकडी. जनावर खुंट्याभोवती फिरतं तेव्हा साखळीला पीळ पडतो. भोवरकडी तो पीळ सोडवते. ती नसेल तर साखळी आखूड होत जाते आणि जनावराची मान खाली दाबली जाते. फोटोत भोवरकडी दिसली नाही तर विचारा. दिसली तर ती फिरते का याचा छोटा व्हिडिओ मागा.

तीन, वरचा मुलामा. आरशासारखी चकचकीत साखळी फोटोत छान दिसते, पण गोठ्यात मूत आणि ओल असते. तो पातळ मुलामा निघाला की खालचं लोखंड गंजतं. मळकट करड्या रंगाची, जस्ताचा जाड थर दिलेली साखळी दिसायला साधी, पण जास्त टिकते.

साखळीला नायलॉनसारखा ताण देता येत नाही, म्हणून हिसका पूर्ण गळ्यावर येतो. ती गळ्यात थेट बांधू नका, पट्ट्याला अडकवा. उन्हात बांधलेल्या जनावराची साखळी तापते हेही लक्षात असू द्या.

आणि एक पक्की गोष्ट. दुकानातल्या साध्या साखळीने विहिरीतली मोटर किंवा कुठलंही जड वजन वर टांगू नका. वजन उचलायची साखळी वेगळी असते. तिच्या कड्यांवर ठरावीक अंतरावर 8 किंवा 80 असा आकडा कोरलेला असतो आणि सोबत कंपनीचं प्रमाणपत्र येतं. नुसती जाड दिसते म्हणून कुठलीही साखळी त्या कामाची होत नाही.

फोटो जिथे थांबतो

माणसाचं वजन ज्यावर येणार, त्याचा निर्णय फोटोवर घ्यायचा नाही. लेकराची झोळी, झोका, विहिरीत उतरणं, झाडावर चढणं, ही ती कामं. दोर उन्हात किती दिवस पडला होता, आत कापलेला आहे का, आधी त्यावर किती ताण आला, हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. झोळीचा दोर स्वतः हाताने पूर्ण लांबी चाचपून घ्या आणि आधी त्यावर धान्याचं पोतं टांगून बघा.

वापरातला दोरही दर महिन्याला असाच चाचपा. पीपी दोरावरून हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली किंवा धागे टोचून तुटू लागले, तर उन्हाने तो संपला आहे. नायलॉनवर चकचकीत कडक डाग दिसला तर तिथे तो घासून वितळला आहे. तीन पदरांतला एक पदर अर्धा तुटला असेल तर तेवढा भाग कापून टाका. गाठ मारून पुढे चालवू नका. राहिलेल्या तुकड्यांनी चारा बांधा, विहिरीला नको.

पुढच्या बैठकीत करा

प्रत्येकीने घरातल्या दोराचा वीतभर तुकडा आणायचा. आधी टोक उकलून मोबाईलवर फोटो काढा आणि फक्त फोटो बघून सगळ्यांनी नाव सांगा. मग बादलीत टाकून परीक्षा करा. किती जणींचा अंदाज बरोबर आला ते इतिवृत्तात लिहा. त्यानंतर हे तीन प्रश्न:

1. दुकानदार म्हणतो, “8 मिलिमीटरचा नायलॉन आहे, एका किलोत 105 फूट बसतो.” विश्वास ठेवायचा का?
2. फोटोतला दोर खाकी आहे, अंगावर केस नाहीत, टोक वितळवून बंद केलंय. तो ताग आहे का?
3. गाईसाठी साखळी घ्यायची आहे. फोटोत कड्यांच्या सांध्याला फट दिसते. घ्यायची का?

उत्तरं: 1. नाही. 8 मिलिमीटरचा नायलॉन एका किलोत साधारण 80 फूट बसतो. 105 फूट बसत असेल तर तो पीपी असण्याची शक्यता जास्त; टोकाचा फोटो मागा. 2. नाही. ताग वितळत नाही, हा खाकी रंगाचा प्लास्टिक दोर आहे. 3. नाही. वेल्डिंग केलेली आणि भोवरकडी असलेली साखळीच घ्या.

– तुमची क्षेत्र समन्वयक